चौदा पायऱ्या, चौऱ्याऐंशी हप्ते

माझ्या धाकट्या भावाला गल्लीत कुणी नावाने ओळखत नाही. ‘रीडिंग आलं गं,’ असं एक बाई दुसरीला ओरडून सांगते आणि मग हा दारात उभा दिसतो. एकतीस वर्षं विजेचे मीटर वाचत फिरतोय. कंत्राटदार मीटरमागे नऊ रुपये देतो. मीटर वाचला की आकडा मोठ्याने म्हणायची त्याला सवय आहे. घरातल्यांनी तो तिथल्या तिथे ऐकावा आणि बिल आल्यावर भांडायला येऊ नये, एवढाच हेतू. आता घरी भाजीचा हिशेब सांगतानाही तो तसाच खणखणीत बोलतो आणि भावजय म्हणते, हळू, मी काही ग्राहक नाही.

मी त्याची मोठी बहीण. तोंडाने फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको.

त्याच्या धंद्यातली बाकीची मंडळी हुशार. कुत्रं बांधलेलं असलं, मीटर जिन्याखाली अंधारात असला, की मागच्या महिन्याचा आकडा बघून अंदाजाने पुढचा लिहायचा आणि चहा प्यायला जायचं. हा बावळट कुत्र्याचा मालक घरी येईपर्यंत उंबऱ्यावर बसून राहणार. एकदा एका बड्या घरमालकाने याला सांगितलं, चार भाडेकरू आहेत, मीटर एकच दाखव, तुझं मी बघतो. याने चारही मीटर वाचले, चारही आकडे मोठ्याने म्हटले आणि पुढच्या घरी गेला. महिनाभर त्या माणसाने याला शिव्या घातल्या. घरी येऊन हा शांतपणे जेवला. मीच आपली दातओठ खात बसले होते.

मी या घरात परत आले तेव्हा एकतिशीत होते. नवरा गेला, सासरच्यांनी शिवणयंत्र तेवढं बरोबर दिलं. भाऊ तेव्हा चोवीस वर्षांचा, नुकता कामाला लागलेला. घर लहान, स्वयंपाकघर, मधली खोली आणि रस्त्याच्या बाजूची एक. त्याने पहिल्या तीन पगारांतून रस्त्याच्या बाजूच्या खोलीची भिंत फोडून घेतली आणि दार काढलं. म्हणाला, ताई, तुझी गिऱ्हाइकं घरातून यायला नकोत, तुला तुझं दार पाहिजे. त्या दाराने मला तीस वर्षं जगवलं. ब्लाउज, शाळेचे गणवेश, पडद्यांना दुमड. रस्त्याने जाता जाता बायका कापड टाकून जायच्या, येता येता घेऊन जायच्या. महिन्याला साडेपाच हजार सुटायचे, त्यातले तीन हजार मी घरात द्यायचे. त्या तीन हजारांवर माझी मान ताठ होती, हे लपवून काय करू.

मग आपोआप वाचले जाणारे मीटर आले. हे मीटर स्वतःच आकडा कळवतात, माणूस लागत नाही. भावाचे चोवीसशे मीटर होते, वर्षात पंधराशे उरले. एकवीस हजार सहाशेचे साडेतेरा हजार झाले. भाची कॉलेजात, भावजय घरी. रस्त्याच्या पलीकडे दोघांनी गच्चीवर खोल्या चढवून भाड्याने दिल्या होत्या, तेव्हा याच्याही डोक्यात तेच आलं. आपल्या घराला गच्ची आहे. एक खोली बांधायची, भाडं आलं की गेलेल्या मीटरांची भरपाई.

दुसरा कुणी असता तर त्याने बोटांवर गुणाकार केला असता. पण माझ्या भावाकडे जे होतं ते भाड्याच्या धंद्यातल्या दलालाकडेही नसतं. भाड्याच्या प्रत्येक खोलीला स्वतंत्र मीटर असतो, आणि खोलीला कुलूप असलं की मीटर हलत नाही. बत्तीस खोल्या त्याच्या वाटेवर होत्या. त्याने मागच्या तीन वर्षांच्या नोंदी काढल्या आणि कुठली खोली किती महिने बंद होती ते एका वहीत उतरवलं. वरच्या मजल्यावरच्या खोल्या वर्षातून सरासरी दोन महिने रिकाम्या. कुणी सोडून जातो, दुसरा मिळेपर्यंत वेळ जातो, मधे रंग काढावा लागतो. घरमालक मात्र तोंडाने सांगणार, आमची खोली एक दिवस रिकामी राहत नाही.

खोलीचा दर साडेसहा हजार. त्याने दहा महिन्यांचे पासष्ट हजार धरले. त्यातून वाढीव घरपट्टीचे तीन, रंग आणि दुरुस्तीचे चार, भाडेकरू आणून देणाऱ्याचे तीन हजार वजा केले. राहिले पंचावन्न. महिन्याला साडेचार हजारांच्या थोडं वर. डिपॉझिट मुळात धरलंच नाही. ते परत द्यायचे पैसे आहेत, म्हणाला, ते आपले नव्हेत. मी म्हटलं, अरे, जग धरतं. तो म्हणाला, जगाचं मी बघितलंय की.

खर्च चार लाख साठ हजार येणार होता. साठ हजार त्याच्याकडे होते, चार लाख पतसंस्थेकडून घ्यायचे. बारा टक्क्यांनी सात वर्षं, म्हणजे सात हजार एकसष्टचा हप्ता, असे चौऱ्याऐंशी. भाडं साडेचार आणि हप्ता सात. महिन्याला अडीच हजार खिशातून. मी वही बघितली आणि म्हटलं, मग बांधतोस कशाला? तो म्हणाला, सात वर्षांनी खोली आपली होईल. त्याचा आवाज मात्र आकडा वाचतानाचा नव्हता.

पतसंस्थेत आम्ही दोघं गेलो. सहकर्जदार म्हणून माझी सही लागणार होती, माझी शिलाई त्याच्या पगारात मिळवली तरच कर्जाचा आकडा बसत होता. मॅनेजर चांगला माणूस. त्याने वही वाचली, चष्मा काढला, पुन्हा घातला.

“अहो, दहा महिन्यांचं भाडं धरणारा माणूस या टेबलावर मी पहिल्यांदा बघतोय,” तो म्हणाला. “बारा लिहा. भाडं साडेसात लिहा. सगळे लिहितात. कागदावर हप्ता निघाला की मला मंजूर करता येतं.”

“तेवढं येत नाही,” भाऊ म्हणाला.

मॅनेजरने त्याला समजावलं. हे नुसतं अनुमान असतं, कुणी तपासायला येत नाही. भावाने मान हलवली. येत नाही ते येत नाही. मी टेबलाखालून त्याच्या पायाला पाय लावला, तर याने पाय मागे घेतला. मला तिथेच त्याच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला.

मग मॅनेजर घराचा नकाशा बघू लागला. त्याने पेनाचं टोक रस्त्याच्या बाजूच्या खोलीवर ठेवलं. विचारलं, याला वेगळं दार दिसतंय, हिचं काय येतं?

बत्तीस खोल्यांचे तीन वर्षांचे आकडे ज्याच्या वहीत होते, त्याने ही खोली वहीत घेतलीच नव्हती. त्याला काय माहीत नव्हतं? आमच्या रांगेतल्या गाळ्यांचे मीटर तोच वाचतो. तसल्या गाळ्याला नऊ हजार सहज मिळतात आणि त्या मीटरांचे काटे कधी थांबत नाहीत. मूग गिळून बसला होता नुसता.

“तिथे ताई राहते,” शेवटी तो म्हणाला.

मॅनेजरने त्या चौकोनात एक लहान शून्य काढलं. त्याचा काही वाईट हेतू नव्हता, उत्पन्नाच्या रकान्यात काहीतरी लिहायचं असतं. पण ते शून्य मी बघितलं. तीस वर्षं ज्या खोलीने मला पोसलं त्या खोलीची किंमत शून्य होती, कारण आत मी होते.

मीच म्हटलं, मी वरच्या खोलीत जाते, खालची भाड्याने द्या. अगदी सहज म्हटलं, चहात साखर कमी घाला म्हणावं तसं. मॅनेजरचा चेहरा खुलला. भाऊ म्हणाला, चल घरी.

घरी दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. भावजयीने बिचारीने एकदा म्हणून बघितलं, वन्सं, मग खोली बांधायचीच कशाला, तुम्ही स्वयंपाकघरात झोपलात तर कर्जच नको. वाईट मनाने नाही म्हणाली, हिशेब तसाच होता. कर्ज नाही, हप्ता नाही, नऊ हजार हातात. पण भावाने ताट बाजूला सारलं. ताई ओट्याखाली झोपणार नाही, एवढंच म्हणाला. म्हणजे बघा, चार लाखांचं कर्ज त्या माणसाने मला अंथरूण टाकायला जागा असावी म्हणून घेतलं. त्याच्यावर रागवायचं तर कुठून सुरुवात करू?

तिसऱ्या दिवशी वही घेऊन माझ्या यंत्राशेजारी बसला. गाळ्याचं भाडं नऊ हजार. काटे थांबत नाहीत तरी एक महिना सोडून अकराच महिने धरले, नव्व्याण्णव हजार. दुकान म्हणून घरपट्टी जास्त, सहा हजार गेले. दुरुस्तीचे तीन. उरले नव्वद, महिन्याला साडेसात. हप्ता सात हजार एकसष्ट. पहिल्यांदाच ओळीखाली काहीतरी उरलं, चारशे एकोणचाळीस.

मग त्याने पेन्सिल थांबवली आणि विचारलं, “ताई, तू वर गेल्यावर तुझं शिवणकाम किती राहील?”

हे तो कुठल्या मीटरवर वाचणार होता? हा एकच आकडा असा होता की तो माझ्याकडूनच घ्यावा लागणार होता. आणि मला माहीत होतं. माझी निम्मी गिऱ्हाइकं माझ्या वयाची, गुडघ्यांना हात लावून चालणारी. बाकीची रस्त्याने जाता जाता थांबणारी. गच्चीवर कोण चढतंय? माझेच गुडघे पाऊस नसताना दुखतात.

“तेवढंच राहील,” मी म्हटलं. “बायका शिलाई बघून येतात, जिना बघून नाही.”

त्याने माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं. त्याने तीन हजार लिहिले. त्या अख्ख्या वहीत खोटा आकडा तेवढा एक, आणि तो मी घातलेला.

आता कुणी म्हणेल, का घातलास बाई? ओळीखाली चारशे एकोणचाळीस उरलेले बघून त्याच्या कपाळाच्या आठ्या गेल्या होत्या, म्हणून. आणि दुसरं म्हणजे, ‘माझं काही राहणार नाही’ हे मला माझ्या तोंडाने म्हणवेना.

कर्ज मंजूर झालं. पैसे तीन टप्प्यांत मिळाले. भिंती उभ्या राहिल्या की एक, स्लॅब पडला की दुसरा, गिलावा झाला की तिसरा. दर वेळी संस्थेचा माणूस येऊन बघून जायचा. पहिले तीन महिने नुसतं व्याज, चौथ्यापासून पूर्ण हप्ता, खाली भाडेकरू असो नसो. इमारत तपासणाऱ्याने सांगितलं होतं की जुन्या भिंतींवर एकच हलकी खोली पेलेल, तेवढीच बांधली. जिन्यापाशी अडलं. बाजूला बोळ अडीच हाताचा. गवंडी म्हणाला, सात इंच उंचीची पायरी ठेवली तर जिना रस्त्यावर जाईल, नऊ इंचाची करावी लागेल. चौदा पायऱ्या, एकेक नऊ इंच. भावाने पायरीवर पाय ठेवून बघितला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मला काय, मी उडत जाईन. गवंडी हसला, भाऊ हसला नाही.

माझं यंत्र वर न्यायला चार माणसं लागली. खोली चांगली झाली, खोटं कशाला बोलू. दोन्हीकडून वारा, खिडकीतून लांबपर्यंत दिसतं. खालची खोली एका मोबाइल दुरुस्त करणाऱ्याने घेतली. सभ्य माणूस, पहिल्या तारखेला नऊ हजार काउंटरवर मोजून ठेवतो. भावाने त्याचं डिपॉझिट वेगळ्या खात्यात टाकलं आणि ते खातं विसरून गेल्यासारखा वागतो.

पहिल्या महिन्यात बायका आल्या. नवी खोली बघायला आल्या, कौतुक केलं, उतरताना भिंत धरून उतरल्या. दुसऱ्या महिन्यात रस्त्यावरून हाका मारू लागल्या. मी खिडकीतून दोरीने पिशवी सोडायची, त्या कापड टाकायच्या. पण माप दोरीने कसं घेणार? जुन्या मापावर शिवलेला ब्लाउज एकीला दंडात घट्ट झाला, तिने पिशवीतूनच परत पाठवला. शाळेच्या गणवेशांचं काम कोपऱ्यावरच्या दुकानात गेलं. साडेपाचाचे चार झाले, चाराचे अडीच. घरात मात्र मी तीन हजारच देत राहिले. नवऱ्याच्या वेळचे थोडे पैसे पोस्टात होते, त्यातून भर घालायचे. पाच तारखेला भावाच्या हातात तीन हजार ठेवताना मी इतकी मोठ्याने बोलायचे की भावजय म्हणायची, वन्सं आज खुशीत आहेत. पोस्टातलं वर्षभर पुरलं.

परवा पहिली तारीख होती. मी वर काज करत बसले होते. खालून एक ओळखीचा आवाज आला. सोनाराची आई, माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, तीस वर्षं माझ्याच हातचं अंगात घालणारी. दीड वर्ष लेकीकडे होती, त्याच दिवशी परत आली असावी. मी सुई टोचून ठेवली आणि उठले. गुडघा धरून उठायला वेळ लागतो. जिन्याच्या तोंडाशी आले तेव्हा तिचा प्रश्न ऐकू आला, शिलाईवाल्या बाई कुठे गेल्या हो?

“इथे शिलाईकाम होत नाही आता, आजी,” मोबाइलवाला म्हणाला. “कोपऱ्यावर दुकान आहे बघा.”

त्याचं काही चुकलं नाही. त्याच्या दुकानात दिवसातून चार जणी मला विचारत येतात, तो किती जणींना वर पाठवणार? आणि मागच्या महिन्यात एक बाई अर्ध्या जिन्यावरून परत येऊन त्याच्यावरच खेकसली होती. मला वाईट वाटलं ते त्याचं नाही. मी पाचव्या पायरीवरून खाली बघितलं तेव्हा काउंटरपाशी माझा भाऊ उभा होता. हातात नऊ हजार, नुकते मोजलेले. त्याने म्हातारीचा प्रश्न ऐकला होता, उत्तरही ऐकलं होतं. बहीण वर आहे, हे तीन शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत. म्हातारी पिशवी सावरत कोपऱ्याकडे गेली. मी हाक मारणार होते, पण पाचव्या पायरीवरच बसले.

थोड्या वेळाने तो वर आला. माझ्या खालच्या पायरीवर बसला. आमच्या जिन्यावर दोन माणसं शेजारी शेजारी मावत नाहीत.

“मी तिला सांगणार होतो,” तो म्हणाला. “मग वाटलं, तिचे पाय बघ. चढून पडली तर?”

मी म्हटलं, बरोबर केलंस. खरंच बरोबर होतं, तेच तर दुखत होतं.

त्याने खिशातून वही काढली. इतक्या महिन्यांत त्याने ती माझ्यासमोर उघडली नव्हती. मला वाटतं, त्याला कधीपासून कळत होतं. तो काय आंधळा आहे?

“ताई, या महिन्याचं खरं किती?”

मी सांगितलं. सतराशे. आणि पोस्टात आता काही नाही, हेही सांगितलं, कारण पाच तारीख जवळ होती.

त्याने सतराशे लिहिले, पण नेहमीसारखे मोठ्याने म्हटले नाहीत. त्याचे मीटर आता अकराशेच उरलेत, म्हणजे नऊ हजार नऊशे. हप्ते तेरा गेलेत, एकाहत्तर राहिलेत. कर्ज आधी फेडायला पैसे नाहीत. घर विकायचं तर संस्थेचा बोजा आहे, आणि विकून जायचं कुठे? मोबाइलवाल्याला काढून मला परत खाली आणायचं, तर हप्ता कशातून? वरची खोली भाड्याने द्यायची, तर मी ओट्याखाली, आणि चार लाखांचं कर्ज काढून पुन्हा तिथेच. त्याने एकेक ओळ लिहिली आणि एकेक खोडली. मी त्याच्या डोक्यावरून बघत होते. एकही आकडा फुगवलेला नव्हता, तरी एकही ओळ पार लागत नव्हती.

मग त्याने पेन्सिल वहीत घातली.

“तेव्हाच खरं सांगितलं असतंस तर, ताई?”

त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मी भांडले असते, मला भांडता येतं. पण तो नुसता विचारत होता.

“तर काय केलं असतंस?” मी म्हटलं.

माझ्या भावाला विचार न करता उत्तर देता येत नाही. त्याने वही उघडली, मिटली. खाली मोबाइलवाल्याकडे कुणीतरी काच बदलायचा भाव विचारत होतं.

“माहीत नाही,” तो म्हणाला.

आणि मी त्या माणसाच्या पाठीवर हात ठेवून बसले.